तापमान तेच, मग हेलियमलाच एवढी घाई का?

हेलियम ओढून कुणीतरी बोलतो आणि त्याचा आवाज कार्टूनमधल्या बदकासारखा चिरका होतो, अशा चित्रफिती फोनवर फिरत असतात. त्यांची जोडही पाहायला मिळते: तोच माणूस एखादा जड वायू ओढतो आणि आवाज भुयारातून आल्यासारखा घोगरा होतो. खाली ठरलेली प्रतिक्रिया असते, "हलका वायू, हलका आवाज; जड वायू, जड आवाज." ऐकायला छान, पण ही नुसती शब्दांची कोटी झाली. खरे कारण वायूचे रेणू किती वेगाने पळतात यात आहे, आणि तो वेग कागदावर दोन ओळींत काढता येतो. (प्रयोग मात्र करू नका. हेलियम विषारी नाही, पण त्यात प्राणवायू नसतो, आणि शुद्ध हेलियमच्या एक-दोन खोल श्वासांतही माणूस कोसळू शकतो.)

## दोन बाटल्या, एक तापमापक

एकाच टेबलावर दोन बंद बाटल्या आहेत अशी कल्पना करू. एकीत हेलियम, दुसरीत झेनॉन. दोन्ही निष्क्रिय वायू. दोघांचेही अणू एकेकटे फिरतात, जोड्या करत नाहीत. त्यामुळे इथे रेणू म्हणजेच अणू. फरक आहे तो वजनात. हेलियमच्या अणूच्या तुलनेत झेनॉनचा अणू जवळपास ३३ पट जड असतो.

खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस. तापमापक आधी एका बाटलीत ठेवा, मग दुसरीत. दोन्हीकडे २७च दिसेल. पण आतले चित्र अगदी वेगळे आहे. हेलियमचे अणू साधारण सेकंदाला १३६७ मीटर वेगाने धावताहेत आणि झेनॉनचे सुमारे २३९ मीटर वेगाने. झेनॉनचा वेग म्हणजे आकाशात उंचावरून जाणाऱ्या प्रवासी विमानाचा वेग, ताशी ८६० किलोमीटरच्या आसपास. हेलियमचा त्याच्या पावणेसहा पट, म्हणजे ताशी जवळजवळ ४९०० किलोमीटर.

मग तापमापकाला हा फरक दिसत कसा नाही? कारण तापमापक वेग मोजतच नाही. तो मोजतो धडकांमधली ऊर्जा. ही एक गोष्ट पक्की झाली की पुढचे सगळे तिच्यातून निघते.

## "सरासरी वेग" न म्हणता एवढे लांबलचक नाव कशाला?

पुस्तकात या वेगाला रूट मीन स्क्वेअर वेग, थोडक्यात आरएमएस वेग, म्हणतात. अर्थ असा: प्रत्येक रेणूच्या वेगाचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची सरासरी काढा आणि शेवटी त्या सरासरीचे वर्गमूळ घ्या. (वेग आणि चाल यांत पुस्तकी फरक आहे. दिशा धरून सरासरी काढली तर शून्यच येईल, कारण जितके रेणू डावीकडे जातात तितकेच उजवीकडे. इथे वेग म्हणजे दिशेशिवायची चाल समजावी.)

पाच रेणू घेऊ. त्यांचे वेग सेकंदाला २००, ४००, ६००, ८०० आणि १००० मीटर. साधी सरासरी ६००. आता आरएमएस काढला तर येतात सुमारे ६६३ मीटर. जास्त का? कारण वर्ग केल्यावर हजारवाल्याचे पारडे दोनशेवाल्याच्या पंचवीस पट जड होते. वेगवान रेणूंचे मत इथे जास्त मोजले जाते.

हा पक्षपात मुद्दाम कशासाठी, असे मला शाळेत कळत नसे. उत्तर भिंतीपाशी मिळते. बाटलीतला एक रेणू समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, मागच्या भिंतीवर आपटतो, पुन्हा येतो. त्याचा वेग दुप्पट केला तर दोन गोष्टी घडतात. प्रत्येक टोला दुप्पट जोराचा बसतो. शिवाय फेरी निम्म्या वेळात पुरी होत असल्याने टोले दुप्पट वेळा बसतात. दोन्ही मिळून भिंतीवरचा रेटा चौपट. वेग इथे दोनदा कामाला येतो, म्हणून वर्ग. वायूचा दाब म्हणजे असंख्य टोल्यांची बेरीज, आणि ती बेरीज वेगांच्या वर्गांच्या सरासरीवर ठरते. आरएमएस हे नाव किचकट वाटते, पण भिंतीला जाणवतो तो हाच आकडा.

साधी सरासरी चुकीची नाही, तिचे काम वेगळे आहे. ती आरएमएसपेक्षा थोडी कमी भरते. हेलियमसाठी सुमारे १२६० मीटर. कुठला आकडा कुठे वापरायचा ते पुढे गळतीच्या वेळी येईल.

## जडाला हळू चालायची सक्ती कोण करतो?

धडका करतात. एका मोठ्या हॉलमध्ये टेबल टेनिसचे चेंडू आणि फुटबॉल एकत्र सोडले आहेत आणि सगळे सारख्याच वेगाने उडताहेत असे समजा. भिंतींवर आणि एकमेकांवर आपटून कुणाचीही ऊर्जा वाया जात नाही, एवढी एक सूट घेऊ. सुरुवातीला फुटबॉलजवळ ऊर्जेचा मोठा साठा आहे, कारण वस्तुमान जास्त. फुटबॉल समोरून येऊन छोट्या चेंडूला ठोकतो तेव्हा छोटा चेंडू सुसाट सुटतो आणि फुटबॉल जरासा मंदावतो. एखाद्या धडकेत उलटेही होईल, पण हिशेब सगळ्या धडकांचा धरला तर ऊर्जा जडाकडून हलक्याकडे सरकत राहते. हे सरकणे थांबते ते दोघांची सरासरी ऊर्जा सारखी झाल्यावर. वेग सारखे झाल्यावर नव्हे.

तापमान सारखे असणे म्हणजे हेच. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. ती दोघांत सारखी हवी असेल आणि एकाचे वस्तुमान ३२.८ पट असेल, तर त्याच्या वेगाचा वर्ग ३२.८ पट कमी असायला हवा. वर्ग ३२.८ पट कमी, म्हणजे वेग त्याच्या वर्गमुळाइतका, ५.७३ पट, कमी. वजनात ३३ पटींचे अंतर आणि वेगात जेमतेम पावणेसहा पटींचे. वर्गमूळ फरक असा दाबून टाकते.

हा नियम पहिल्यांदा लिहून पाठवला गेला तो मुंबईहून, हे फारसे कुणाला माहीत नसते. जॉन जेम्स वॉटरस्टन नावाचा स्कॉटिश माणूस तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवत असे. वेगवेगळ्या वायूंच्या मिश्रणात रेणूंच्या वेगाच्या वर्गाची सरासरी त्यांच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे मांडणारा निबंध त्याने १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. परीक्षकाने तो निव्वळ मूर्खपणा ठरवला आणि निबंध दप्तरात पडून राहिला. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी तो शोधून १८९२ मध्ये छापून आणला, तोपर्यंत वॉटरस्टनला जाऊन नऊ वर्षे झाली होती. दरम्यान क्लॉसियस आणि मॅक्सवेल हे भौतिकशास्त्रज्ञ त्याच वाटेने स्वतंत्रपणे पोहोचले होते, त्यामुळे नाव त्यांचेच झाले.

## आता आकडा काढू

भिंतीवरच्या टोल्यांचा हिशेब आणि वायूंचा नेहमीचा नियम एकत्र ठेवला की सूत्र मिळते:

v = √(3RT/M)

यातला 3 आला आहे जागेच्या तीन दिशांमुळे. R हा वायूंचा स्थिरांक, ८.३१४. T म्हणजे निरपेक्ष तापमान, केल्व्हिनमध्ये. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की झाले. M म्हणजे एका मोलचे, अर्थात अणू-रेणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येचे, वस्तुमान, आणि ते किलोग्रॅममध्ये.

आपले २७ अंश म्हणजे ३०० केल्व्हिन. वरचा भाग दोन्ही वायूंना सारखाच: ३ × ८.३१४ × ३०० = ७४८२.६. हेलियमचा मोल ४.००३ ग्रॅमचा, म्हणजे ०.००४००३ किलोग्रॅमचा. भागाकार सुमारे १८,६९,००० आणि त्याचे वर्गमूळ १३६७. झेनॉनचा मोल ०.१३१३ किलोग्रॅमचा. भागाकार सुमारे ५६,९९० आणि वर्गमूळ २३९ ला किंचित कमी.

दाब कुठेच आला नाही, हे लक्षात आले का? बाटलीत दुप्पट वायू कोंबला तर दाब दुप्पट होईल, पण तापमान तेच राहिले तर एकेका अणूचा वेग बदलणार नाही. धडकणारे वाढले, धडक तीच.

तापमानाचा हात किती पोहोचतो तेही पाहू. २७ चे ५४ अंश केले तर वेग दुप्पट होईल असे वाटते. पण केल्व्हिनमध्ये ही वाढ ३०० वरून ३२७, आणि तिचेही वर्गमूळ घ्यायचे. हेलियमचा वेग १३६७ वरून १४२७ वर जातो, चार-साडेचार टक्के फक्त. मग हेलियमला झेनॉनइतका हळू करायचा तर किती थंड करावे लागेल? ३०० भागिले ३२.८, म्हणजे सुमारे ९ केल्व्हिन, उणे २६४ अंश सेल्सिअस. गंमत अशी की नेहमीच्या दाबाला हेलियम त्या थंडीतही वायूच असतो, कारण तो ४.२ केल्व्हिनला द्रव होतो. आणि उलट, झेनॉनला हेलियमच्या वेगाने पळवायचे तर तापमान ९८०० केल्व्हिनच्या पुढे न्यावे लागेल. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्व्हिनच्या आसपास असतो.

## एवढा वेग असेल तर अत्तराचा वास यायला वेळ का लागतो?

ही शंका मनात आली असेल तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात. क्लॉसियसने १८५७ मध्ये शून्य अंशाला ऑक्सिजनचा वेग सेकंदाला ४६१ मीटर आणि हायड्रोजनचा १८४४ मीटर काढला. पुढच्याच वर्षी बाइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने विचारले की असे असेल तर वायू एकमेकांत इतके सावकाश का मिसळतात? सिद्धांत उलटून पडेल अशीच ही शंका होती.

क्लॉसियसचे उत्तर: रेणू वेगाने पळतो, पण सरळ पळतो कुठे? नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी सत्तर नॅनोमीटरच्या आसपास जातो. केसाच्या जाडीचा हा सुमारे हजारावा भाग. प्रत्येक धडकेनंतर दिशा नवी. सेकंदाला काही अब्ज धडका. गच्च भरलेल्या जत्रेत धावपटू सोडला तर तो पावलापावलावर कुणाला तरी आपटून वळेल. पाय जोरातच पडतील, पण तासाभराने तो निघालेल्या जागेपासून फार दूर नसेल. आरएमएस वेग हा पावलांचा वेग आहे, प्रवासाचा नव्हे. नुसत्या या भरकटण्यावर विसंबून राहिले तर अत्तराच्या रेणूंना खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायला कित्येक दिवस लागतील. वास मिनिटांत येतो तो हवेच्या हालत्या झोतांबरोबर.

## वेग सरळ मोजला नाही, मग खरा कशावरून?

आवाजावरून. ध्वनी म्हणजे हवेत पुढे सरकणारा दाब, आणि तो पुढे सरकवणारे रेणूच. निरोप घेऊन धावणारा जेवढा पळेल त्याहून वेगाने निरोप जाणार नाही. रेणू तिरकेही धावत असल्याने ध्वनीचा वेग आरएमएस वेगापेक्षा नेहमी थोडा कमी भरतो. एकेकट्या अणूंच्या वायूत तो आरएमएसच्या ०.७५ पट, आणि हवेसारख्या दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या वायूत ०.६८ पट असतो.

म्हणजे ३०० केल्व्हिनला हेलियममध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १०२० मीटर जातो, झेनॉनमध्ये १७८ मीटर, आणि हवेत जवळपास ३४७. आता त्या चित्रफितींकडे परत या. हेलियम ओढल्यावर स्वरतंतू जवळपास पूर्वीइतक्याच वेळा थरथरतात. बदलतो तो घसा आणि तोंड यांच्या पोकळीचा घुमारा. ही पोकळी ठरावीक लांबीची असते. आतून ध्वनी जितका वेगाने जाईल तितके तिचे घुमण्याचे सूर वर सरकतात. हेलियमने वरचे सूर उचलून धरले जातात आणि आवाज चिरका लागतो. झेनॉनने घुमारा खाली येतो. शुद्ध हेलियम धरले तर हवेच्या तुलनेत घुमारा तिपटीच्या जवळ जातो, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण फुप्फुसात हवा उरलेलीच असते.

## गणित कुठे घसरते

रेणूंचा वेग आणि ध्वनीचा वेग यांच्यातल्या या प्रमाणाचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो उत्तर तपासायला. सर्रास होणारी चूक म्हणजे मोलचे वस्तुमान ग्रॅममध्येच टाकणे. हेलियमसाठी ०.००४००३ ऐवजी ४.००३ लिहिले की उत्तर येते सेकंदाला ४३ मीटर. वादळी वाऱ्याचा वेग असतो तसा हा आकडा, पाहताक्षणी खोटा वाटत नाही. पण हेलियममध्ये ध्वनीच सेकंदाला हजार मीटर जातो. रेणू ४३ ने चालले तर ध्वनी नेणार कोण? रेणूंचा वेग त्याच वायूतल्या ध्वनीच्या वेगापेक्षा कमी आला की कुठेतरी चुकले हे नक्की.

दुसरी चूक सेल्सिअसची. ३०० ऐवजी २७ टाकले तर हेलियमसाठी ४१० मीटर येतात. ही चूक पकडायला तापमान शून्य अंश धरून पाहावे: सूत्र म्हणेल, सगळे रेणू थांबले. बर्फ वितळतो त्या तापमानाला हवा गोठून खाली पडलेली कुणी पाहिली नाही.

तिसरी चूक जोड्यांची. ऑक्सिजनचा अणू १६ चा, पण वायूत तो जोडीने फिरतो. म्हणून ३२ घ्यायचे. १६ घेतले तर वेग ४१ टक्के जास्त येतो.

## मग हेलियमचा फुगा लवकर मऊ पडतो तोही यामुळेच?

इथे थोडे थांबायला हवे, कारण या नियमाच्या नावावर नको तेवढे खपवले जाते. भोक इतके बारीक असेल की रेणू एकमेकांना न धडकता एकेक करून बाहेर पडतील, तर गळतीचा दर रेणूंच्या साध्या सरासरी वेगावर ठरतो (वर राखून ठेवलेला आकडा तो हाच). दोन वायूंच्या वेगांचे गुणोत्तर दोन्ही सरासरींत सारखेच असते, म्हणून सारख्या दाबाला आणि तापमानाला हेलियमचे अणू झेनॉनच्या ५.७३ पट संख्येने निसटतात. हा रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅमचा नियम. युरेनियमच्या दोन प्रकारांची फ्लोराइडे पूर्वी वायूरूपात सच्छिद्र पडद्यांतून ढकलून वेगळी करत तीही याच जोरावर. तिथे वजने ३४९ आणि ३५२, म्हणजे वेगातला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि म्हणून एकामागे एक शेकडो-हजारो टप्पे लावावे लागत.

फुग्याचे रबर मात्र बारीक भोकांची चाळणी नाही. वायू आधी रबरात विरघळतो, मग आतून सरकत पलीकडे निघतो. तिथे वेगाइतकेच विरघळण्याला महत्त्व असते. कार्बन डायऑक्साइड हेलियमच्या अकरा पट जड. नुसत्या वेगावर जाते तर तो फार सावकाश निसटायला हवा होता. पण तो रबरात सहज विरघळतो आणि नैसर्गिक रबरातून हेलियमपेक्षा कितीतरी लवकर पार होतो.

## दोन्ही वायू एकाच बाटलीत भरले तर?

दोघेही आपापला वेग राखतात: हेलियम १३६७, झेनॉन २३९. सरासरी वजन काढून एकच वेग सांगणे चूक, कारण ऊर्जा वाटली जाते, वेग नाही.

आणि झेनॉन तळाशी बसतो का? ओतताना बसेल, कारण तेव्हा वायूचा लोटच्या लोट खाली येतो. पण एकदा मिसळल्यावर पुन्हा वेगळा होत नाही. सेकंदाला २३९ मीटर हा वेग जड वायूसाठी कमी वाटला तरी गुरुत्वाकर्षणाला तो पुरून उरतो. ३०० केल्व्हिनला झेनॉनची दाटी गुरुत्वाकर्षणामुळे साधारण एक तृतीयांशावर यायला सुमारे १.९ किलोमीटर उंची लागते. हेलियमला ६३ किलोमीटरच्या आसपास. टेबलावरच्या बाटलीची उंची वीतभर.